आठवा गुरू आणि तुझी पत्रिका

नाशिक,
20 मे 2026

प्रिय सुहास,

तुझं पत्र वाचून दोन दिवस बेचैन होतो. कुणीतरी पंचांग उघडून "धनू राशीला आठवा गुरू, वर्षभर नवीन काही करू नका" असं सांगितलं आणि क्लास सुरू करायचा बेत तू बासनात बांधलास. काल रात्री तुझी पत्रिका पुन्हा मांडून बसलो.

येत्या 2 जूनला गुरू कर्केत येतोय आणि धनूपासून कर्क आठवी, इथवर त्यांचं बरोबर आहे. चंद्राकडून दुसरा, पाचवा, सातवा, नववा आणि अकरावा गुरू चांगला मानतात. त्यात आठवा बसत नाही. पण चंद्रराशीवरून कळतं ते मन काय सोसेल एवढंच. प्रत्यक्षात काय घडेल हे लग्नावरून, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीवरून पाहायचं. तुझं लग्न वृश्चिक, म्हणजे हाच गुरू तुझ्या भाग्यस्थानात येतोय, तोही उच्चीचा. तो तुझा धनेश आणि पंचमेश आहे. कर्केतून त्याची पाचवी दृष्टी तुझ्या लग्नावर, सातवी मकरेवर म्हणजे पराक्रमावर आणि नववी मीनेवर, तुझ्या पंचमावर, त्याच्या स्वतःच्याच राशीवर. पंचम म्हणजे विद्या आणि शिष्य. नोकरी सोडून शिकवायला निघालेल्या माणसाला याहून वेगळं काय हवं?

अष्टकवर्गही पाहिला. गुरूच्या अष्टकवर्गात कर्केला आठपैकी पाच बिंदू आहेत. चारच्या वर असले की गुरू हात आखडता घेत नाही, असा माझा अनुभव. तिथे दोनच बिंदू असते, तर उच्चीचा गुरू असूनही मी तुला थांब म्हटलं असतं.

तरी दशेची साथ नसेल तर गोचर नुसतं येऊन जातं. मागे गुरू कर्केत होता तो जून 2014 ते जुलै 2015. आठव, त्याच वर्षी तुझी धाकटी झाली. पंचमावर दृष्टी होतीच. पण त्याच महिन्यांत काकूंचं आजारपण आणि घराची ओढाताण तू सोसलीस, कारण तेव्हा राहूत शनीची अंतर्दशा होती आणि शनी तुझा चतुर्थेश. गोचर तेच, स्थान तेच, पण वर्षाला रंग चढवला तो दशेने. यंदा जूनपासून राहूत मंगळ सुरू होतोय. मंगळ तुझा लग्नेश आणि गुरूची दृष्टी नेमकी लग्नावर. पुढच्या वर्षाच्या मध्यावर तर सोळा वर्षांची गुरूचीच महादशा लागते. म्हणून या वर्षाकडे मी सुरुवातीचं वर्ष म्हणून बघतो.

मात्र वर्ष सगळं एकसारखं नाही. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत गुरू सूर्याजवळ, अस्तंगत. त्या काळात जागेचा करार करू नकोस. तुझं लग्न वृश्चिकेच्या 25 अंशांवर आहे, म्हणून गुरू कर्केच्या 25 अंशांवर येईल तेव्हा त्याची दृष्टी अगदी नेमकी पडते. असं तीनदा होणार आहे. पहिल्यांदा सप्टेंबरच्या शेवटी. मग 31 ऑक्टोबरला तो सिंहेत जातो (त्याच दिवशी इथे सिंहस्थाचं ध्वजारोहण, आमच्या गल्लीत आतापासूनच गडबड आहे), डिसेंबरात वक्री होतो आणि जानेवारीच्या शेवटी पुन्हा कर्केत. मार्चच्या सुरुवातीला वक्री असतानाच दुसऱ्यांदा 25 अंश, आणि मार्गी झाल्यावर मेच्या शेवटी तिसऱ्यांदा. मी पाहिलंय, पहिल्या वेळी संधी दारात येते, वक्री गुरूत तीच गोष्ट पुन्हा तपासावी लागते, घडी बसते ती तिसऱ्या वेळी. तेव्हा मार्चमध्ये मुलं गळाली किंवा जागामालकाने कुरकुर केली, तर क्लास बुडाला असं समजू नकोस.

आठव्या गुरूचं काय, ते टाळत नाही. चंद्राकडून तो बाराव्या, दुसऱ्या आणि चौथ्या स्थानाला बघतो, म्हणजे खर्च, घरचा पैसा आणि घरातली शांतता. या वर्षी रात्रीची झोप उडेल, हिशेब डोक्यात घोळत राहतील. म्हणून मोठं कर्ज नको. भाड्याच्या एका खोलीत, दहा-बारा मुलांवर सुरुवात कर. वहिनींना आकडे आधीच दाखव, लपवून ठेवलेस तर चौथं स्थान तिथेच दुखेल.

एक मात्र नक्की करून घे. तुझी जन्मवेळ सूतिकागृहाच्या चिठ्ठीवरची आहे की काकूंच्या आठवणीतली? चार मिनिटांनी लग्न साधारण एक अंश सरकतं. खरी वेळ वीस-पंचवीस मिनिटं पुढची निघाली तर लग्न वृश्चिकेचं राहणारच नाही, धनूत जाईल, आणि मग लग्नाकडूनही गुरू आठवाच. चिठ्ठी सापडली की त्याच दिवशी फोन कर. तोवर राजीनामा देऊ नकोस.

तुझा,
विनू