बॅगेला लटकलेली पिशवी

प्रिय निखिल,

अनेक आशीर्वाद. नव्या ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या मुलीशी बोलायला सुरुवात कशी करायची, असं तू विचारलंस. तिच्या बॅगेला कापडाची छोटी गोल पिशवी लटकलेली असते आणि तिच्या काठावर पांढरी पूड दिसते, असंही लिहिलंस. एवढं पुरेसं आहे.

ती बहुधा चॉकबॅग असावी. भिंतीवर किंवा कड्यावर चढणारे लोक तळहाताचा घाम टिपायला त्यात मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड ठेवतात. पण हे तुला माहीत आहे म्हणून आधीच सांगून टाकू नकोस. "तुम्ही क्लायम्बिंग करता ना?" म्हटलंस की उत्तर "हो" एवढंच येतं आणि बोलणं तिथेच थांबतं. जे दिसतं त्याबद्दल विचार: "या पिशवीत काय असतं?" सांगण्याची संधी तिला मिळू दे. शिवाय पिशवी भावाची निघाली तरी तुझा प्रश्न चुकत नाही.

समज, ती म्हणाली, "चॉक. मी बोल्डरिंग करते." इथेच बहुतेक जण घसरतात. "मीही एकदा केलं होतं" म्हणून बोलणं स्वतःकडे ओढतात, नाहीतर "कुठल्या ग्रेडपर्यंत जाता?" विचारतात. दुसरा प्रश्न जिज्ञासेचा वाटतो, पण त्यात परीक्षा असते. ग्रेड म्हणजे चढाई किती अवघड याचा आकडा, आणि नवशिक्या माणसाला तो सांगताना संकोच वाटतो. त्यापेक्षा तिच्याच उत्तरातला शब्द उचल: "बोल्डरिंग म्हणजे दोराशिवाय ना? मग पडल्यावर?" ती खालच्या जाड गाद्यांबद्दल सांगेल, पडायचं कसं तेही सांगेल. मग विचार, "सध्या कुठे अडकलाय?" बोल्डरिंगमध्ये प्रत्येक चढाईला 'प्रॉब्लेम'च म्हणतात, आणि चढणाऱ्याच्या डोक्यात एखादा न सुटलेला प्रॉब्लेम बहुतेक वेळा घोळत असतोच. या प्रश्नावर लोक हातवारे करून होल्ड, म्हणजे भिंतीवरचे पकडायचे आधार, दाखवायला लागतात.

दोन-तीन प्रश्न झाले की थांब, आणि मधे एखादं वाक्य आपलंही टाक, नाहीतर चौकशी केल्यासारखं होतं. उत्तरं एका शब्दावर आली, नजर स्क्रीनकडे वळली, उलट प्रश्न एकही आला नाही, तर "चला, कामाला लागतो" म्हणून मोकळा हो. कानात हेडफोन असतील तर सुरुवातच करू नकोस. उघड लटकलेल्या वस्तूबद्दल विचारावं. बॅगेच्या आत दिसलेल्या वस्तूबद्दल, औषधांबद्दल किंवा तिच्या अंगकाठीबद्दल कधीच नाही.

खरी जिज्ञासा आठवड्याभराने कळते. तिने सांगितलेला तपशील लक्षात ठेव. "तो कोपऱ्यातला पिवळा प्रॉब्लेम सुटला का?" एवढंच विचार. सुटला नसेल तर उपाय सुचवू नकोस, कारण तोडगा स्वतः शोधण्यातच बऱ्याच जणांना गंमत वाटते. "कुठला पाय निसटतो?" असं विचारलंस तर ती स्वतःच सगळं उलगडून सांगेल.

काय झालं ते कळव. आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
ताई