कोल्हापुरात ‘सीपीआर’ म्हटलं की लोक रुग्णालयाकडे पळतात: शिक्षणाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद, कोल्हापूर

महोदय,

मी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना सामुदायिक आरोग्य शिकवते. शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी तीन तासांची कार्यशाळा आम्ही आखली आहे. बंद पडलेलं हृदय आणि थांबलेला श्वास हाताने कसा सांभाळायचा, हे त्यात शिकवायचं आहे. आपल्याकडे मागणी आहे ती त्यासाठी शिक्षण परिषदेचा एक दिवस मिळण्याची.

पहिली अडचण नावाचीच आली. या उपचाराला सीपीआर म्हणतात, पण आपल्या गावात सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. “यांना सीपीआर द्या” म्हटलं की माणसं रिक्षा बघायला धावतात, आणि छाती दाबायची तशीच राहते. म्हणून आमच्या कार्यशाळेत हुकूम एकच आहे: “छाती दाबा.”

उद्दिष्टांत ‘जागृती करणे’ हा शब्द आम्ही ठेवला नाही, कारण जागृती झाली की नाही हे मोजता येत नाही. प्रत्येकाने तीन गोष्टी करून दाखवायच्या. हाक मारून, खांदे हलवून, माणूस बेशुद्ध आहे आणि नीट श्वास घेत नाही हे दहा सेकंदांत ठरवायचं. समोरच्या एकाला नावाने सांगून १०८ ला फोन लावायला लावायचा. आणि दोन मिनिटं न थांबता छाती दाबायची. पहिल्या गोष्टीत फसगत होते ती आचक्यांमुळे. हृदय बंद पडल्यावरही काही जण मधूनच तोंड उघडून आचके देतात. त्याला श्वास समजून लोक वाट बघत बसतात, म्हणून आमची एक विद्यार्थिनी ते आचके हुबेहूब करून दाखवते.

सरावाची चार ठाणी आहेत: ओळखणे आणि फोन, छाती दाबणे, लहान मुलाला श्वास देणे, घशात अडकलेलं काढणे. बत्तीस जण, प्रत्येक ठाण्यावर आठ, पंचवीस मिनिटं. छातीच्या ठाण्यावर चार डमी लागतात, म्हणजे एका डमीवर दोघं. प्रत्येकाच्या दोन मिनिटांच्या दोन पाळ्या होऊनही चुका सुधारायला वेळ उरतो. एकच डमी असेल तर नुसत्या पाळ्यांनाच बत्तीस मिनिटं लागतील आणि बाकीचे बघत उभे राहतील. बघून हे हातात येत नाही.

रंगीत तालमीत एक ज्येष्ठ गुरुजी आले होते. पहिला मिनिट छान गेला, डमीतला ‘टिक’ आवाज प्रत्येक दाबाला येत होता. दुसऱ्या मिनिटाला आवाज विरळ झाला. कोपर वाकले होते, दंडाच्या जोराने दाबणं चाललं होतं, आणि घाईत वेग १४० च्या पुढे गेला होता. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जायला हवी, मिनिटाला १०० ते १२० वेळा. वेग फार वाढला की खोली कमी होते. शिवाय थकलेला माणूस छातीवर रेलतो, छाती पूर्ण वर येत नाही आणि हृदयात रक्त भरत नाही. गुरुजींचे खांदे तळहातांच्या थेट वर आणले, कोपर ताठ केले, मोबाईलचा मेट्रोनोम ११० वर लावला. तेव्हा अंगाचा भार कामाला आला आणि टिक परत ऐकू येऊ लागला. म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा.

खरी अडचण मात्र विद्यार्थ्यांची निघाली. वीस वर्षांची मुलगी गुरुजींना “चुकतंय” कसं म्हणेल? ती “छान, छान” म्हणत राहिली. आता आम्ही वाक्य पाठ करून घेतलं आहे: “सर, हात तिथेच ठेवा, भार पूर्ण सोडा.” एका वेळी एकच सुधारणा, आणि लगेच पुन्हा पाळी.

लहान मुलांचं ठाणं वेगळं ठेवलंय, कारण त्यांचं हृदय बहुतेकदा श्वास अडल्यानेच थांबतं. पंचगंगेत बुडालेल्या पोराला नुसतं दाबून भागत नाही, श्वासही हवा. तीस दाब, दोन श्वास. फुंकताना छाती वर आली तरच श्वास गेला असं समजायचं. त्यासाठी प्रत्येकाला डमीच्या तोंडावर ठेवायचा वेगळा फेस शील्ड, आणि दर पाळीनंतर डमी अल्कोहोलने पुसायची. जिवंत माणसाची छाती किंवा पोट सरावासाठी कुणीही जोराने दाबायचं नाही. घशाच्या ठाण्यावर माणसावर फक्त हातांची जागा दाखवायची.

शेवटी चाळीस मिनिटांत दोघादोघांची परीक्षा: मधल्या सुट्टीत मैदानावर कुणीतरी कोसळलं, इतकंच सांगायचं. ज्याला जमलं नाही, तो त्याच दिवशी परत सराव करेल.

आपल्याकडून हवं आहे ते इतकंच: एका केंद्राची तारीख, सतरंज्या असलेला वर्ग (साडी सावरून फरशीवर गुडघे टेकणं अवघड जातं), आणि आदेशात शिक्षकांसोबत शिपाई व पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंचीही नावं. शाळा सुटल्यावर बऱ्याचदा तेच तिथे असतात. हातची सवय काही महिन्यांत सुटते, म्हणून सहा महिन्यांनी त्याच केंद्रात अर्ध्या तासाची उजळणी घ्यायला आम्ही पुन्हा येऊ. डमी आणि विद्यार्थी आमचे.

आपली नम्र,
नर्सिंगची एक शिक्षिका, कोल्हापूर