निर्देशांकाचा एक अंक म्हणजे एक टक्का नव्हे

माननीय संपादक,

औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची तुमची परवाची बातमी वाचली. मे २०२५ मध्ये निर्देशांक १४४.० होता, जूनमध्ये १४५.० झाला, इथपर्यंत आकडे बरोबर आहेत. पण वर मथळा होता, महागाई एक टक्क्याने वाढली! तो एक टक्का नव्हे हो, तो एक अंक. टक्का काढायचा तर एकाला १४४ ने भागायचं आणि शंभरने गुणायचं, उत्तर येतं ०.६९. म्हणजे पाऊण टक्कासुद्धा नाही.

आता कोणी म्हणेल एवढ्यासाठी पत्र कशाला लिहायचं. पण आमच्या शेजारचे अण्णा ती बातमी घेऊन सकाळी सकाळी माझ्या बाल्कांवात येऊन बसले, कारण मी हिशेबाच्या खात्यातून रिटायर झालेला माणूस, आणि म्हणाले, "बघ रे, १४५ टक्के महागाई लिहिलीय, सरकार स्वतःच कबूल करतंय." त्यांना समजावता समजावता चहा दोनदा झाला, तेव्हा म्हटलं तुम्हालाच लिहूया.

१४५ हा एकटा आकडा काहीच सांगत नाही, त्याच्या शेजारी "२०१६ = १००" असं लिहिलेलं असतं ते वाचल्याशिवाय. २०१६ साली कामगाराच्या घरात जे जे लागायचं, तांदूळ, मासळी, घरभाडं, बसचं तिकीट, पोरांची फी, औषधं, ते ज्या प्रमाणात लागायचं त्या प्रमाणात एका टोपलीत घातलं आणि त्या टोपलीच्या त्या वर्षीच्या सरासरी किमतीला १०० म्हटलं. तेच बेस इयर. जून २०२५ चे १४५ म्हणजे २०१६ साली शंभर रुपयांना मिळणाऱ्या टोपलीला त्या महिन्यात १४५ लागले. वाढ ४५ टक्के, पण ती २०१६ पासूनची, म्हणजे साडेआठ-नऊ वर्षांची मिळून, एका वर्षाची नाही आणि एका महिन्याची तर नाहीच.

आणि शंभर हा आकडा काही देवाने दिलेला नाही, माणसांनी सोयीसाठी धरलेला आहे, तो बदलतोही. लेबर ब्युरोचा हाच निर्देशांक आधी २००१ च्या बेसवर निघायचा. ऑगस्ट २०२० ला तो ३३८ होता आणि पुढच्याच महिन्यात नवीन बेस लागू झाला तेव्हा ११८.१ छापून आला. त्यावेळी आमच्या ग्रुपवर एकाने विचारलंही होतं की महागाई एवढी पडली तर आता महागाई भत्ता, म्हणजे डीए, कापणार की काय. काही पडलं नव्हतं, फक्त मोजपट्टी बदलावी तसं झालं. जुना-नवा जोडायला २.८८ ने गुणायचं असतं, ११८.१ ला गुणून बघा, ३४० येतात, म्हणजे उलट थोडी वाढच झाली होती. यातूनच अंक आणि टक्क्यातला फरकही कळतो. निर्देशांक शंभराच्या आसपास असतो तेव्हा एक अंक जवळपास एक टक्का असतो म्हणून गफलत खपून जाते, पण ३३८ वर एक अंक म्हणजे जेमतेम ०.३ टक्के.

मग महागाईचा दर कुठला धरायचा? तर यंदाच्या जूनची तुलना मागच्या जूनशी करायची. जून २०२४ ला निर्देशांक १४१.४ होता, जून २०२५ ला १४५.०. फरक ३.६, भागिले १४१.४, म्हणजे २.५५ टक्के. हा वार्षिक दर. मेशी तुलना का नको ते गोंयकाराला सांगायची गरजच नाही. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, ट्रॉलर जेटीवर, आणि बांगड्याचा भाव असा चढतो की आमची ही पिशवी घेऊन जाते आणि सुकी मासळी घेऊन परत येते. मे-जूनची तुलना केली तर दरवर्षी पावसाळ्यात महागाई भडकली असंच दिसेल. जूनची जूनशी केली तर दोन्ही बाजूला बंदी असते, त्यामुळे बंदीचा परिणाम बराचसा निघून जातो आणि उरते ती खरी वाढ.

बरं, जून २०२४ ला हाच वार्षिक दर ३.६७ टक्के होता, जून २०२५ ला २.५५. याला पेपरवाले "महागाई उतरली" म्हणतात आणि अण्णा चिडतात, कारण बाजारात काहीच उतरलेलं नसतं. त्यांचं चिडणं बरोबर आहे. दर उतरला म्हणजे भाव उतरले नाहीत, भाव चढायचा वेग कमी झाला. भाव खरंच उतरायला दर शून्याच्याही खाली जावा लागतो.

तरीपण अण्णांचा प्रश्न राहतोच, की मला एवढी महागाई लागते आणि आकडा अडीच टक्के कसा. मी माझीच वही काढली. जून २०२४ ला महिन्याचा घरखर्च साधारण १५,००० रुपये, त्यात नारळ २५, तीस रुपयांनी, म्हणजे ७५०. यंदा जूनमध्ये तोच नारळ ४८ चा झाला. नारळ ६० टक्के महागला पण खर्चात त्याचा वाटा ५ टक्केच, म्हणून घरखर्च वाढला ४५० रुपयांनी, म्हणजे ३ टक्के. बाकी एकही वस्तू हलली नाही असं धरलं तरी एकट्या नारळाने माझा घरचा निर्देशांक १०० वरून १०३ वर नेला! देशाच्या टोपलीत नारळाला आमच्या घराएवढं वजन कुठून असणार, तिकडे खोबऱ्याशिवाय जेवणारी माणसं जास्त. या निर्देशांकासाठी भाव गोळा करायला गोवाही एक केंद्र म्हणून धरलेलं आहे पण एकूण केंद्रं ८८ आहेत, तेव्हा छापील आकडा खोटा नाही, तो फक्त अण्णांच्या घरचा नाही.

शेवटी अण्णा मुद्द्यावर आले, की डीए किती वाढेल, कारण तो याच निर्देशांकावर ठरतो. जुलै २०२४ ते जून २०२५ या बारा महिन्यांची सरासरी येते १४३.५७, तिला २.८८ ने गुणलं की ४१३.४७. सातव्या वेतन आयोगाने जुन्या मोजपट्टीवरची २०१५ ची सरासरी २६१.४२ ही बेस धरली आहे. वाढ १५२.०५, भागिले २६१.४२, म्हणजे ५८.१६ टक्के, अपूर्णांक सोडतात म्हणून ५८. जून २०२५ पर्यंत तो ५५ होता. पण अशा वाढीचा मथळा "पेन्शन तीन टक्के वाढली" असा कृपया देऊ नका. मूळ पेन्शन १०० असेल तर हातात १५५ चे १५८ होतील, म्हणजे वाढ १.९ टक्के. अण्णांनी ते ऐकून कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मग तीनच बरा होता."

आपला,
एक वाचक, फोंडा
ऑगस्ट २०२५