फोटोतले एचटीएमएल पान आणि छापलेले उत्तर

प्रति,
मा. संपादक,

स. न.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत दोन आठवड्यांपूर्वी संगणकाच्या पडद्याचा एक फोटो छापून आला होता. नोटपॅडमध्ये लिहिलेले छोटेसे एचटीएमएल पान त्यात होते आणि खाली प्रश्न : ‘प्रत्येक टॅग काय काम करतो ते ओळखा आणि हे पान ब्राउझरमध्ये कसे दिसेल त्याचे वर्णन करा.’ प्रश्न उत्तम होता. अकरावी-बारावीला आयटी घेतलेल्या आमच्या क्लासमधल्या मुलांना मी तो लगेच सोडवायला दिला. गेल्या रविवारी उत्तर आले आणि त्यातल्या चार गोष्टी चुकलेल्या निघाल्या. ज्यांनी बरोबर लिहिले होते तीच मुले आता आपली उत्तरे खोडू लागली आहेत, म्हणून हे पत्र.

फोटोत होते ते पान असे :

```html
<html>
<head>
<title>स्नेहसंमेलन</title>
</head>
<body bgcolor="yellow">
<h1>आमची शाळा</h1>
<hr>
<p>दिनांक : <b>२४ डिसेंबर</b><br>
वेळ : सायंकाळी ५
स्थळ : शाळेचे पटांगण</p>
<ul>
<li>नाटक
<li>लेझीम
</ul>
<img src="mandap.jpg" alt="मंडप" width="200">
<a href="yadi.html">पूर्ण यादी</a>
</body>
</html>
```

उत्तरात पहिलेच वाक्य आहे, ‘पानाच्या सर्वांत वर स्नेहसंमेलन हे शीर्षक दिसेल.’ नाही दिसणार. `title` हा टॅग `head` मध्ये आहे आणि `head` मधला मजकूर पानावर उमटत नाही. ‘स्नेहसंमेलन’ हा शब्द ब्राउझरच्या टॅबवर दिसेल. पानावर जे दिसायचे ते `body` पासून सुरू होते. म्हणजे पार्श्वभूमी पिवळी आणि सर्वांत वर `h1` मधले ‘आमची शाळा’, ठळक आणि साध्या मजकुराच्या दुप्पट आकाराचे. ते डावीकडेच राहील. मथळा आपोआप मधोमध येतो असे बऱ्याच मुलांना वाटते, बहुधा शाळेच्या फलकामुळे. त्याखाली `hr` ची आडवी रेघ, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

दुसरी चूक परिच्छेदातली. दिनांक, वेळ आणि स्थळ अशा ‘तीन ओळी दिसतील’ असे उत्तरात आहे. नोटपॅडमध्ये त्या तीन ओळी आहेत हे खरे, पण ब्राउझर एंटरला ओळ मानत नाही. कितीही एंटर मारा, कितीही स्पेस द्या, तो त्या सगळ्यांची मिळून एकच मोकळी जागा करतो. ओळ तुटते ती `br` ने, आणि `br` इथे एकदाच आहे, तारखेनंतर. म्हणून दिसतील दोनच ओळी : वर ‘दिनांक : २४ डिसेंबर’ (तारीख `b` मुळे ठळक), आणि खाली ‘वेळ : सायंकाळी ५ स्थळ : शाळेचे पटांगण’ असे सलग. ज्याने प्रश्न काढला त्याने हा सापळा मुद्दाम लावला असावा, आणि उत्तर लिहिणारा त्यातच अडकला.

मी मुलांना एकच सवय लावते. टॅग दिसला की आधी विचारायचे, हा स्वतःची ओळ घेतो की चालू ओळीत बसतो? `h1`, `hr`, `p`, `ul`, `li` हे सगळे नव्या ओळीवर सुरू होणारे. `b`, `a` आणि (इथेच सगळे घसरतात) `img` हे चालू ओळीत बसणारे. एवढे कळले की कोऱ्या कागदावर पेन्सिलने पान काढता येते, संगणक लागतच नाही.

आपल्या उत्तरातली तिसरी चूक याच जागी आहे. ‘मंडपाचे चित्र आणि त्याखाली पूर्ण यादी ही लिंक’ असे लिहिले आहे. चित्र हे ब्राउझरच्या लेखी एखाद्या थोराड अक्षरासारखे असते. त्याच्या पुढचा मजकूर त्याच ओळीत, चित्राच्या तळाशी टेकून बसतो. त्यामुळे ‘पूर्ण यादी’ हे निळे, अधोरेखित शब्द चित्राच्या उजव्या हाताला, खालच्या कडेजवळ दिसतील. खिडकी फारच अरुंद केली आणि जागा उरली नाही, तरच लिंक खाली उतरेल. चित्राची रुंदी 200 पिक्सेल. उंची दिलेली नसल्याने ती मूळ प्रमाणात ठरेल, म्हणजे मूळ चित्र 800 बाय 600 असेल तर इथे 200 बाय 150. आणि mandap.jpg ही फाइल त्याच फोल्डरमध्ये नसेल, तर चित्राच्या जागी `alt` मधला ‘मंडप’ हा शब्द येईल. नुसत्या फोटोवरून ती फाइल तिथे आहे की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून ज्या मुलांनी ‘चित्र असल्यास असे, नसल्यास असे’ लिहिले, त्यांना मी पूर्ण गुण दिले.

`</li>` नसल्यामुळे ‘यादी दिसणार नाही’ हे विधानही बरोबर नाही. `li` बंद केला नाही तरी चालते. पुढचा `li` आला किंवा यादी संपली की आधीचा आपोआप बंद झाला असे ब्राउझर धरतो. नाटक आणि लेझीम एकाखाली एक, किंचित आत सरकून, प्रत्येकापुढे काळा ठिपका घेऊन दिसतील.

इथवरच्या चुका समजुतीच्या. पत्र लिहायला बसवले ते वेगळ्याच गोष्टीने.

उत्तरासोबत आपण तो कोड पुन्हा टाइप करून छापलात. माझ्या एका विद्यार्थ्याने आपल्या अंकाच्या ऑनलाइन आवृत्तीतून तो जसाच्या तसा उचलला, नोटपॅडमध्ये चिकटवला, फाइल सेव्ह केली आणि उघडली. “बाई, पान काळं दिसतंय,” म्हणाला. मी पाहिले, तर पिवळ्याचा मागमूस नाही. जवळजवळ काळी पार्श्वभूमी, त्यावर काळी अक्षरे. सगळे सिलेक्ट केल्यावर कुठे मजकूर आहे हे कळले.

कारण अवतरण चिन्हे. फोटोत ती सरळ आहेत, कीबोर्डवर असतात तशी. छपाईत मात्र पाने लावणाऱ्या सॉफ्टवेअरने ती सुबक, वळणदार केली. मराठी मजकुरात तीच शोभतात, पण कोडमध्ये ब्राउझर त्यांना अवतरण मानतच नाही, तो त्यांना किमतीतलीच अक्षरे धरतो. ओळ अशी झाली होती :

```html
<body bgcolor=“yellow”>
```

आता रंगाचे नाव yellow राहिले नाही, दोन टोकांना दोन जादा अक्षरे चिकटली. अशा नावाचा रंग सापडत नाही, तेव्हा ब्राउझर `bgcolor` च्या किमतीकडे रंगाचा आकडी कोड म्हणून बघतो. त्या कोडमध्ये 0 ते 9 आणि a ते f एवढ्यांनाच अर्थ, बाकी प्रत्येक अक्षराच्या जागी तो शून्य घालतो. या आठ अक्षरांतले कामाचे फक्त e. म्हणून झाले 00e00000. त्याचे तीन सारखे भाग पडावेत म्हणून शेवटी आणखी एक शून्य : 00e, 000, 000. तिन्हींच्या सुरुवातीला शून्य आहे म्हणून ते काढून टाकायचे : 0e, 00, 00. म्हणजे लाल 255 पैकी 14, हिरवा शून्य, निळा शून्य. डोळ्यांना तो काळाच. विद्यार्थ्याची चूक नव्हती, संगणकाचीही नव्हती.

याच वळणदार चिन्हांमुळे चित्रही आले नाही, कारण ब्राउझर अवतरणांसकट नाव असलेली फाइल शोधत राहिला. लिंकचेही तेच. वर्डमध्ये कोड टाइप करणाऱ्या मुलांना हाच अनुभव येतो, कारण वर्डही सरळ चिन्हे आपणहून वळवतो. ओळखायची खूण सोपी आहे : उघडणारे आणि मिटणारे चिन्ह वेगवेगळे दिसत असेल तर ते कोडमध्ये चालणार नाही. सरळ चिन्ह दोन्हीकडे एकसारखेच असते.

आता एक शंका. मूळ फोटो तिरका काढलेला आहे आणि पडद्यावर खिडकीचा उजेड पडला आहे. लिंकच्या ओळीत yadi.html नंतरचे मिटणारे अवतरण त्या उजेडात गेले आहे. वर मी ते लिहिले, कारण आपल्या छापील कोडमध्ये ते आहे. पण ते मुळात होते, की टाइप करणाऱ्याने सवयीने घातले? फरक लहान नाही. ते नसेल तर ब्राउझर पुढचे अवतरण सापडेपर्यंत सगळा मजकूर फाइलच्या नावाचाच भाग समजत जातो. इथे पुढे एकही अवतरण नाही, म्हणून तो `</html>` च्याही पलीकडे, फाइलच्या शेवटापर्यंत पोचतो आणि तो अर्धवट टॅग टाकून देतो. मग पानावर बाकी सगळे जागच्या जागी, चित्रसुद्धा, फक्त ‘पूर्ण यादी’ हे शब्द गायब. लिंक जाऊन साधे शब्द उरतील असे नाही, शब्दही जातील. रंगीत अक्षरांत कोड दाखवणाऱ्या एडिटरचा फोटो असता तर शेवटच्या तीनही ओळी एकाच रंगात दिसल्या असत्या आणि शंका तिथेच मिटली असती. नोटपॅडमध्ये सगळे काळेच.

तेव्हा येत्या रविवारी दुरुस्ती छापताना कोड सरळ अवतरणांत छापावा, आणि मूळ फोटो आपल्याकडे असेल तर त्यातली शेवटून तिसरी ओळ मोठी करून द्यावी ही विनंती. ‘लिंक दिसेल’ आणि ‘लिंक दिसणार नाही’ असे आमच्या वर्गात सध्या दोन तट पडले आहेत. दोघांच्याही वह्या मी तपासायच्या ठेवल्या आहेत.

आपली,
एक संगणक शिक्षिका,
चिपळूण