दहापैकी चारच का? : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना नाशिकहून खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : पदवीच्या मराठी साहित्याच्या उत्तरपत्रिकेचे गुणदान योजनेनुसार, बाहेरच्या परीक्षकाकडून पुनर्मूल्यांकन व्हावे.

महोदय,
स.न.

मी नाशिकचा. आयुष्यभर महाविद्यालयात मराठी शिकवून आता घरी बसलेला माणूस. कॅप सेंटरवर, म्हणजे केंद्रीय तपासणीच्या जागी, उत्तरपत्रिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे तपासले, नियामक म्हणून दुसऱ्यांनी तपासलेलेही पाहिले. त्यामुळे पेपर तपासणाऱ्याची बाजू मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. तरीही एका मुलीच्या उत्तरपत्रिकेसाठी हे पत्र थेट आपल्याला लिहितो आहे, कारण तिच्यापुढची बाकीची दारे नियमानेच बंद झाली आहेत.

मुलगी निफाड तालुक्यातली. रोज एसटीने नाशिकला येऊन एका स्वायत्त महाविद्यालयात बी.ए. करते. महाविद्यालयाचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण मला एका संस्थेला धडा शिकवायचा नाही. आधुनिक कवितेच्या पेपरात तिला अपेक्षेपेक्षा बरेच कमी गुण पडले. तिने फी भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत घेतली, मग पुन्हा फी भरून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला. काही आठवड्यांनी उत्तर आले : ‘गुणांत बदल नाही.’ एवढेच. कोणी पाहिले, काय पाहिले, कशाच्या आधारे पाहिले, यावर एक शब्द नाही.

छायाप्रत आणि महाविद्यालयाचीच गुणदान योजना शेजारी शेजारी ठेवून मी वाचली. बाकीच्या प्रश्नांतले गुण मी दिले असते त्याच्या आसपासच आहेत, त्यांबद्दल तक्रार नाही. सगळी भानगड एका प्रश्नात आहे. प्रश्न असा : ‘तुतारी’ या कवितेतील बंडखोरीचे स्वरूप उदाहरणांसह स्पष्ट करा. गुण दहा. योजनेत या दहाची फोड दिलेली आहे. आशयाच्या आकलनाला तीन, कवितेतील आधारांना तीन, भाषेला दोन, मांडणीला दोन. खाली टीप आहे की शुद्धलेखनासाठी भाषेच्या गुणांतून जास्तीत जास्त एक गुण वजा करावा, आणि नमुना उत्तरापेक्षा वेगळा पण संहितेच्या आधाराने मांडलेला अन्वयार्थ ग्राह्य धरावा. योजना चांगली आहे. ज्याने कोणी केली त्याला साहित्य कळते.

उत्तरपत्रिकेवर मात्र ही फोड कुठेच दिसत नाही. समासात लाल वर्तुळात ‘४’, पहिल्या परिच्छेदाशेजारी ‘मुद्दे अपुरे’, आणि मधल्या पानावर तीन शब्दांभोवती लाल गोल.

आधी त्या गोलांबद्दल सांगतो, कारण तिथे मताचा प्रश्नच येत नाही. तीनपैकी दोन शब्द मुलीचे स्वतःचे आहेत, ‘आणी’ आणि ‘परिस्थीती’. चुकलेत, गोल बरोबर आहेत. तिसरा गोल ‘जाउ’ या शब्दाभोवती आहे, वर दुरुस्ती करून ‘जाऊ’ लिहिले आहे. पण तो शब्द मुलीचा नाही. तिने ओळ उद्धृत केली आहे : ‘जुने जाउ द्या मरणालागुनि’. केशवसुतांनी १८९३ मध्ये लिहिलेली ही ओळ सोळा मात्रांची आहे. जु एक, ने दोन, जा दोन, उ एक, द्या दोन, झाल्या आठ. मरणालागुनि या शब्दाच्या आणखी आठ. ‘जाऊ’ केले की ओळ सतरा मात्रांची होते आणि वाचतानाच अडखळते. पहिली ओळ ‘एक तुतारी द्या मज आणुनि’ हीसुद्धा मोजून पाहावी, सोळाच भरतात, आणि तिथेही ‘आणुनि’ ऱ्हस्वच आहे. त्या शब्दाला मात्र गोल नाही. म्हणजे मुलीने कवीची ओळ जशीच्या तशी, वृत्त सांभाळून पाठ लिहिली, आणि तिची ती शुद्धलेखनाची चूक धरली गेली. (शाळेत आम्हाला ही कविता म्हणून दाखवायला लावत. म्हणून बघितली असती तर हा गोल पडलाच नसता, असे माझे मत.)

आता मुख्य मुद्दा, ‘मुद्दे अपुरे’. नमुना उत्तरात अपेक्षा अशी आहे : जुन्या रूढींवर प्रहार, नव्या युगाचे स्वागत, सामाजिक समतेचे आवाहन. मुलीने ‘रूढींवर प्रहार’ लिहिले आहे, पण तिथून तिने स्वतःची वाट धरली. तिचे म्हणणे असे की या कवितेतला बंडखोर सुरुवातीला रिकाम्या हाताचा आहे. तुतारी त्याच्याकडे नाही, तो ती दुसऱ्यांकडे मागतो आहे. पुढे मात्र त्याची क्रियापदे बदलतात. ‘जाळुनि किंवा पुरुनि टाका’, ‘सडत न एक्या ठायी ठाका’, ‘सावध! ऐका पुढल्या हाका’. जो मागत होता तो आता ज्यांच्याकडे मागत होता त्यांनाच हुकूम सोडतो. ‘बंड हे त्याच्या हातात आधीपासून नसते, बोलता बोलता येते,’ असे तिचे वाक्य आहे. हे वाक्य मी दोनदा वाचले. पदवीच्या वर्गात असे वाक्य दरवर्षी मिळत नाही.

हे वाचन पटो न पटो, योजनेतल्या टिपेप्रमाणे ते ग्राह्य आहे, कारण प्रत्येक विधानाखाली कवितेची ओळ आहे. सगळ्या ओळी अचूक, सगळ्या योग्य जागी. आधारांचे तीन गुण इथे पूर्ण द्यावेच लागतात. ते दिले असतील तर आशय, भाषा आणि मांडणी या तिन्हींना मिळून उरलेल्या सातांपैकी एकच गुण मिळाला, असा अर्थ होतो. आणि ते दिले नसतील, तर अचूक अवतरणांचे गुण कशासाठी कापले? फोड लिहिलेली नसल्याने यातले काय खरे, हे मुलीला कळत नाही आणि पुनर्मूल्यांकन करणाऱ्यालाही कळले नसणार.

मी तिची वकिली करतो आहे असे वाटू नये म्हणून माझे गुणही सांगतो. आशयाला तीनपैकी दोन. कारण ‘प्राप्तकाल हा विशाल भूधर, सुंदर लेणी तयात खोदा’ हे कडवे तिने घेतलेच नाही. केशवसुतांचे बंड नुसते जाळापोळीचे नाही, त्यात घडवणेही आहे, आणि तो भाग तिच्या उत्तरात नाही. गंमत म्हणजे ‘खोदा’ आणि पुढचे ‘नोंदा’ ही आज्ञार्थी रूपे तिच्याच मुद्द्याला बळ देणारी होती. आधारांना तीनपैकी तीन. भाषेला दोनपैकी एक, त्या दोन खऱ्या चुकांसाठी. मांडणीला दोनपैकी एक, कारण शेवटचा परिच्छेद पहिल्याचीच पुनरुक्ती आहे. एकूण सात. आठ मी दिले नसते, आणि चार योजनेत बसत नाहीत.

तीन गुणांसाठी मंत्र्यांना पत्र, असे कोणी म्हणेल. मुलगी नापास नाही, हेही खरे. पण तिला पुनर्मूल्यांकनाच्या नावाखाली जे मिळाले ते कसे झाले असावे, हे आपण पाहावे. स्वायत्त महाविद्यालयात प्रश्नपत्रिका काढणे, तपासणे, निकाल लावणे आणि तक्रार ऐकणे हे सगळे एकाच छपराखाली होते. गणित किंवा वाणिज्यासारख्या मोठ्या विभागात निदान पुष्कळ शिक्षक तरी असतात. मराठी विभागात बऱ्याच ठिकाणी दोन-तीनच माणसे उरली आहेत. मग पहिल्या परीक्षकाचे गुण दुसऱ्याकडे जातात म्हणजे शेजारच्या खुर्चीवर जातात. दुसऱ्याच्या समोर पहिल्याचा लाल ‘४’ तसाच असतो. सहकाऱ्याच्या चाराचे सात करायला जी हिंमत लागते ती रोजच्या चहाच्या टेबलावर गोळा होत नाही. हा माणसांच्या सचोटीचा प्रश्न नाही, रचनेचा आहे.

कोर्टात जा, असेही एक उत्तर असते. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क विद्यार्थ्याला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात मान्य केले, त्यामुळे आज छायाप्रत हातात पडते. पण त्याच न्यायालयाने २०१७ साली रणविजय सिंह खटल्यात हेही स्पष्ट केले की न्यायालयाने स्वतः पेपर तपासायला बसू नये, आणि शंका असेल तेव्हा तिचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला द्यावा. ते मला पटते. कवितेच्या उत्तराला सहा की सात हे न्यायाधीशांनी का ठरवावे? पण मग ते ठरवणारी यंत्रणा तरी खरी हवी.

म्हणून माझी मागणी मोजकी आहे. या एका प्रश्नाचे पुनर्मूल्यांकन दुसऱ्या महाविद्यालयातल्या मराठीच्या प्राध्यापकाकडून व्हावे. त्याच्याकडे जाणाऱ्या प्रतीवर आधीचे गुण, शेरे आणि गोल झाकलेले असावेत. त्याने दहाची फोड योजनेतल्या चार निकषांनुसार लिहून द्यावी आणि ती मुलीला मिळावी. त्याने चारच दिले तर चार. माझी हरकत राहणार नाही, कारण तेव्हा कोणत्या निकषाला किती गेले हे तरी डोळ्यांना दिसेल.

आणि स्वायत्त महाविद्यालयांना आपल्या विभागाकडून एक परिपत्रक जावे. भाषा आणि साहित्याच्या दीर्घोत्तरी प्रश्नांना निकषनिहाय गुण समासातच लिहावेत, पुनर्मूल्यांकन विभागाबाहेरच्या परीक्षकाने करावे. पहिल्यासाठी पैसा लागत नाही, चार आकडे जास्त लिहावे लागतात. दुसऱ्यासाठी थोडे मानधन आणि टपालखर्च लागेल, तो विद्यार्थ्यांच्या पुनर्मूल्यांकन फीतून निघावा. फी त्याच कामासाठी घेतलेली असते. मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचे फलक नाशिकमध्येही लागले होते. त्या फलकांच्या खर्चात असे कितीतरी पेपर बाहेर पाठवता आले असते, असे माझ्यासारख्या जुन्या मास्तराला वाटून जाते.

मुलीच्या संमतीने तिचे नाव व बैठक क्रमांक काढून टाकलेली छायाप्रत, गुणदान योजनेचे संबंधित पान आणि वर दिलेल्या फोडीवर माझा सही केलेला अभिप्राय सोबत जोडला आहे. महाविद्यालयाचे नाव व तिचा बैठक क्रमांक आपल्या कार्यालयाने मागितल्यास स्वतंत्र बंद पाकिटात पाठवीन. पुढच्या सत्राचे परीक्षा अर्ज सुरू होण्याआधी निर्णय व्हावा, म्हणजे तिच्या गुणपत्रिकेत दुरुस्ती करायची असेल तर ती वेळेत होईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मराठी प्राध्यापक
गंगापूर रोड, नाशिक