वकिलाची सही म्हणजे प्रमाणपत्र नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या कायदाविषयक सदरात गेल्या आठवड्यात एका वाचकाने विचारले होते, की उधारीच्या दाव्यात व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज पुरावा म्हणून चालतात का? उत्तर छापले होते, 'प्रिंट काढून वकिलाच्या सहीचे प्रमाणपत्र जोडल्यास चालतात.' हे उत्तर वाचून सोलापुरातला एखादा चादरवाला किंवा टॉवेलवाला आपला दावा घालवून बसेल, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्या दिवशी कोर्टात चालू असलेल्या प्रकरणांना जुना १८७२ चा कायदाच लागू राहिला. जुन्या कायद्यात जे काम कलम ६५-ब करत होते, ते आता कलम ६३ करते. त्यातल्या प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच छापलेला आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. भाग 'अ' पक्षकाराने भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने. भाग 'अ'मध्ये फोनची कंपनी, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, आयएमईआय नंबर लिहायचा आणि तो फोन आपल्या ताब्यात व वापरात होता असे सांगून सही करायची. अशिलाचा फोन वकील वापरत नाही, मग वकील हे कसे सांगणार? त्याच्या सहीला इथे जागाच नाही.

माझ्याकडचेच एक प्रकरण सांगतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत चार माग चालवणारा माझा एक अशील. परगावच्या एका व्यापाऱ्याकडे त्याचे टॉवेलचे २,४०,००० रुपये अडकले होते. माल फोनवर मागवलेला, चलनावर घेणाऱ्याची सही नाही. हातात होते ते फक्त मेसेज. त्यातला एक असा : 'शेठ, दिवाळीनंतर सगळा हिशोब क्लिअर करतो.' दावा ऑगस्ट २०२४ मध्ये दाखल केला, म्हणजे नवा कायदा लागू.

त्याने सात स्क्रीनशॉट काढले होते. ते त्याने माझ्या कारकुनाला व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवले. कारकुनाने ते पेनड्राइव्हवर उतरवले, बाहेरून प्रिंट काढल्या आणि सगळे दाखल केले. प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू लिहिली होती ती मात्र अशिलाच्या फोनमधल्या मूळ चित्रांची. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला लांबलचक आकडा-अक्षरांचा ठसा. फाइलमधले एक चिन्ह जरी बदलले तरी तो पूर्ण बदलतो. नमुन्यात SHA1, SHA256, MD5 किंवा अन्य अशी निवड करायची असते; आम्ही SHA256 निवडले होते, त्याचा ठसा ६४ चिन्हांचा येतो.

प्रतिवादीच्या वकिलांनी आमच्या पेनड्राइव्हवरच्या फाइलची हॅश काढली आणि सरतपासातच हरकत घेतली. दोन्ही ठसे जुळत नव्हते. लबाडी कोणीच केली नव्हती. फोटो म्हणून पाठवलेले चित्र व्हॉट्सअ‍ॅप आकाराने लहान करून पाठवते, त्यामुळे डोळ्यांना तेच दिसले तरी फाइल वेगळी झालेली असते. तीच फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली असती किंवा केबल लावून थेट फोनमधून पेनड्राइव्हवर घेतली असती, तर हा घोटाळा झालाच नसता. ती चूक माझ्या कचेरीची होती आणि तिच्यापायी दोन तारखा गेल्या.

दुसरी अडचण त्याहून मोठी निघाली. ज्या फोनवर तो मेसेज पहिल्यांदा आला, तो अशिलाने दसऱ्याच्या एक्स्चेंज ऑफरमध्ये देऊन टाकला होता. नव्या फोनवर बॅकअपमधून चॅट परत आले होते, पण आता हातात असलेले हे चॅट प्रतच ठरते, असा मुद्दा समोरच्याने लगेच काढला. मूळ फोन असता तर वाट सरळ होती. 'अर्जुन पंडितराव खोतकर' निकालात (१४ जुलै २०२०) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे, की माहिती ज्या उपकरणात पहिल्यांदा साठली ते उपकरण मालकाने स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन दाखवले आणि शाबीत केले, तर प्रमाणपत्राची गरजच नाही. प्रमाणपत्र लागते ते प्रतीसाठी, म्हणजे प्रिंट, पेनड्राइव्ह, सीडी यांसाठी.

हा निकाल आपल्याच जालन्याचा आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत खोतकर यांचा उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी ३ च्या मुदतीनंतर भरला गेला, असा आरोप होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचे चित्रीकरण सीडीवर मिळाले, पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र बंधनकारकच ठरवले. त्याचबरोबर हेही सांगितले, की उपकरण दुसऱ्याच्या ताब्यात असेल, तुम्ही लेखी मागणी केली असेल, कोर्टातूनही प्रयत्न केले असतील आणि तरीही ते मिळत नसेल, तर अशक्य गोष्ट कायदा तुमच्याकडून मागत नाही. पण ही सवलत प्रयत्न केलेल्याला आहे. आपलाच फोन आपणच देऊन टाकलेल्याला ती कशी मिळणार?

म्हणून आम्ही कोर्टाच्या परवानगीने सगळे नव्याने केले. जुना फोन कधी आणि का दिला, हे अशिलाने प्रतिज्ञापत्रात काहीही न लपवता लिहिले. नव्या फोनमधून स्क्रीनशॉटऐवजी पूर्ण चॅट एक्स्पोर्ट केले. आधीचे-नंतरचे संभाषण, तारखा आणि वेळा सलग दिसतात, त्यामुळे सोयीचे तेवढेच वेचून आणले असे कोणाला म्हणता येत नाही. फाइल तयार झाली त्याच बैठकीत हॅश काढली आणि भाग 'अ' नव्या फोनच्या आयएमईआयसह भरला. शिवाय प्रतिवादीला नोटीस दिली, की याच संभाषणाची दुसरी बाजू तुमच्या फोनमध्ये आहे, ती हजर करा. अखेर कोर्टाने ते पुराव्यात घेतले, म्हणजे कागदावर निशाणी पडली. दाव्याचा निकाल अजून बाकी आहे.

निशाणी पडली म्हणजे मेसेज खरा ठरला, असेही नाही. प्रमाणपत्र इतकेच सांगते, की ही प्रत त्या उपकरणातून अशी अशी निघाली. तो मेसेज त्या व्यापाऱ्यानेच टाइप केला, तो नंबर त्याचाच आहे, 'सगळा हिशोब' म्हणजे हेच २,४०,००० रुपये, हे वादीने स्वतंत्रपणे शाबीत करायचे असते. आमच्याकडे त्यासाठी ट्रान्सपोर्टच्या पावत्या आणि त्याच नंबरवरून आलेल्या आधीच्या ऑर्डरी होत्या.

राहिला भाग 'ब'. तिथे सही करणारा तज्ज्ञ नेमका कोण, हे कलम ६३ सांगत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९-अ खाली केंद्र सरकार इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे परीक्षक अधिसूचित करते, पण अडीच लाखांच्या दाव्यासाठी मागवाल्याने त्यांच्यापर्यंत कसे पोहोचायचे? आम्ही एका संगणक अभियंत्याकडून भाग भरून घेतला, त्याची पदवी आणि अनुभव सोबत जोडला आणि उलटतपासाला त्याला उभे करण्याची तयारी ठेवली. दुसऱ्या कोर्टात हेच चालेल याची हमी मी अशिलाला देऊ शकत नाही, आणि ही अनिश्चितता लहान पक्षकारालाच जास्त जाचते. सरकारने नियम करून दिवाणी दाव्यांसाठी तज्ज्ञाची पात्रता ठरवून द्यावी, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

आपण पुढच्या अंकात ते उत्तर दुरुस्त करावे आणि त्या वाचकाला एवढे आवर्जून कळवावे : दाव्याचा निकाल लागेपर्यंत तो फोन विकू नका, बदलू नका, दुरुस्तीला टाकण्याआधी वकिलाला विचारा.

आपला,
एक दिवाणी वकील, सोलापूर