20 सौद्यांतला 70 टक्के विन रेट

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अर्थपुरवणीत गेल्या आठवड्यात निफ्टीचे ऑप्शन विकणाऱ्या एका तरुणाची ओळख छापून आली. 20 सौद्यांपैकी 14 नफ्यात, म्हणजे 70 टक्के विन रेट, आणि त्यावरून ही पद्धत चालते हे सिद्ध झाले, असा लेखाचा सूर होता. तरुणाच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. त्याने आपले नियमही आडपडदा न ठेवता सांगितले आहेत: 1000 रुपये सुटले की सौदा बंद, आणि 2000 गेले की स्टॉपलॉस. माझा आक्षेप आहे तो निष्कर्षाला. संख्याशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, तेव्हा असला निष्कर्ष वाचून गप्प बसवत नाही.

विन रेट 70 टक्के आहे, असे आपण सहज म्हणून जातो. खरे तर एवढेच म्हणता येते की या 20 सौद्यांत तो 70 टक्के निघाला. पद्धतीचा मूळचा विन रेट, जो हजारो सौदे केल्यावर दिसला असता, तो आपल्याला ठाऊक नाही. 20 सौद्यांवरून त्याचा अंदाज बांधायचा, तर एक आकडा सांगून भागत नाही. अमुकपासून तमुकपर्यंत असा पट्टा सांगावा लागतो. यालाच कॉन्फिडन्स इंटर्व्हल म्हणतात. तो काढायची एक सोपी रीत अ‍ॅग्रेस्टी आणि कूल या दोघांनी 1998 मध्ये मांडली. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवरही ती जमते. आपल्या आकड्यांत 2 जिंकलेले आणि 2 हरलेले सौदे उगाच मिळवायचे. 14 चे झाले 16, 20 चे झाले 24. प्रमाण आले 66.7 टक्के. आता 0.667 ला 0.333 ने गुणायचे, 24 ने भागायचे, वर्गमूळ घ्यायचे आणि 1.96 ने गुणायचे. उत्तर येते साधारण 0.19, म्हणजे 19 टक्के. हे 66.7 मधून वजा केले आणि त्यात मिळवले, की पट्टा मिळतो: 48 ते 86 टक्के.

ते 4 लुटुपुटीचे सौदे कशाला, असे कुणीही विचारील. नेहमीच्या पुस्तकी सूत्राने 10 पैकी 10 सौदे जिंकलेल्या माणसाचा पट्टा '100 टक्के, अधिक-उणे शून्य' असा येतो. हा माणूस कधी हरणारच नाही, असे ते सूत्र छातीठोकपणे सांगते. थोड्या सौद्यांवर ते असे फसते, आणि या 4 सौद्यांनी त्याचे पाय जमिनीवर येतात.

आता 48 ते 86 हा पट्टा त्या तरुणाच्या नियमांशेजारी ठेवून बघू. जिंकला तर 1000, हरला तर 2000. म्हणजे 3 सौद्यांत 2 जिंकले आणि 1 हरला, तर हाती शून्य. ना नफा ना तोटा होण्यासाठीच त्याला 66.7 टक्के विन रेट लागतो. खरा विन रेट 86 असेल, तर दर सौद्यामागे सरासरी 580 रुपये सुटतील. तो 48 असेल, तर दर सौद्यामागे 560 रुपये जातील. त्याची वही या दोन्हींशी तितकीच जुळते. 70 टक्के ऐकले की मनात परीक्षेचे गुण येतात आणि फर्स्ट क्लास वाटतो, पण इथे पास व्हायलाच 67 लागतात.

हेच उलट्या बाजूने विचारले, तर अधिक डोळ्यांत भरते. ज्याच्या पद्धतीत काडीचाही दम नाही, खरा विन रेट नेमका 66.7 आहे, अशा माणसाला 20 पैकी 14 किंवा जास्त सौदे जिंकण्याची शक्यता किती? 48 टक्के. जवळजवळ निम्मी! आणि ज्याचा खरा विन रेट 60 आहे, जो दर सौद्यामागे 200 रुपये घालवतो आहे, त्याला? 25 टक्के. म्हणजे असे हळूहळू बुडणारे 100 जण घेतले, तर त्यांतले 25 जण पहिल्या 20 सौद्यांनंतर आपल्या पुरवणीत झळकण्याच्या लायकीचे दिसतील. उरलेल्या 75 जणांना कोण भेटायला जातो? सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या 3 वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. एवढ्या मोठ्या गर्दीत 20 सौद्यांची चांगली वही शोधायला निघालात, तर ती हमखास सापडणारच.

मग किती सौदे झाले म्हणजे पद्धतीत खरोखर एज, म्हणजे नशिबापलीकडची सरशी, आहे असे मानायचे? कुणी 30 सांगतो, कुणी 100. हा 30 चा आकडा पाठ्यपुस्तकांतून आलेला आहे. सरासरीचा आलेख घंटेसारखा कधीपासून धरता येतो, याबद्दलचा तो एक ढोबळ ठोकताळा. एजशी त्याचा संबंध नाही. आणि 100 सौद्यांत 70 जिंकले, तरी वरच्याच रीतीने पट्टा 60 ते 78 येतो. 66.7 अजून त्याच्या पोटातच आहे.

खरे उत्तर एज केवढा आहे यावर ठरते. आपला विन रेट आणि ना नफा ना तोट्याचा विन रेट यांत जे अंतर असेल, त्याने 1.96 ला भागायचे, त्याचा वर्ग करायचा आणि विन रेट गुणिले हार रेटने गुणायचे. 70 आणि 66.67 यांत 3.33 टक्क्यांचे, म्हणजे 0.0333 चे अंतर आहे, त्यासाठी सुमारे 725 सौदे लागतात. तेही नशिबाने बरोबर 70 टक्केच हाती आले तर. खरा विन रेट 70 असूनही निम्म्या वेळा हाती त्याहून कमीच येईल. म्हणून एज सापडण्याची 80 टक्के तरी खात्री हवी असेल, तर आकडा दुप्पट होऊन 1500 च्या घरात जातो. बाजार वर्षाला सुमारे 250 दिवस उघडा असतो. रोज एक सौदा धरला, तर ही 6 वर्षे झाली. याच नियमांनी कुणाचा विन रेट 80 असता, तर अंतर 13 टक्क्यांवर गेले असते आणि 35 सौद्यांतच ते दिसू लागले असते; दुप्पट धरा, 70. अंतर निम्मे झाले की सौदे चौपट लागतात. म्हणून 'किती सौदे पुरेत' याचे सगळ्यांना लागू पडेल असे एकच उत्तर मिळत नाही.

लेखात ज्याचा उल्लेखही नव्हता, ती गोष्ट म्हणजे खर्च. ब्रोकरेज, एसटीटी, जीएसटी, एक्स्चेंजचे शुल्क आणि भावातला फरक मिळून सौद्याला 80 रुपये लागतात असे मी उदाहरणादाखल धरतो. मग जिंकल्यावर 920 सुटतात, हरल्यावर 2080 जातात. ना नफा ना तोट्याची रेषा 69.3 टक्क्यांवर चढते. 70 टक्के विन रेट खरा मानला, तरी सौद्यामागे उरतात 20 रुपये. एवढा बारीक एज सिद्ध करायला किती सौदे लागतील, तर 18 हजारांच्या आसपास. रोज एक, म्हणजे 70 हून अधिक वर्षे!

इथे कुणी म्हणेल, रोज एकच का, पाच सौदे करू आणि लवकर मोकळे होऊ. हिशेबात ते चालत नाही. सकाळी निफ्टीचा कॉल विकला, त्याच्या शेजारच्या स्ट्राइकचा कॉल विकला आणि जोडीला बँक निफ्टीचाही विकला. दुपारी बाजार उसळला की तिन्ही स्टॉपलॉस एकाच वेळी उडतात. वहीत सौदे 3 दिसतात, पण बाजी एकच लावलेली असते. दिवसाचे 5 सौदे आणि त्यांच्या निकालांत परस्परसंबंध 0.5 असेल, तर 60 सौद्यांचे वजन 20 सौद्यांएवढेच भरते. ज्याला स्वतःची वही तपासायची आहे, त्याने सौदे मोजण्याऐवजी दिवस मोजावेत, दिवसाचा निव्वळ नफा-तोटा एका ओळीत लिहावा आणि त्याच ओळींवर हिशेब करावा.

त्याचा आणखी एक फायदा होतो. विन रेट नुसता जिंकला-हरला एवढेच बघतो. पण बाजार मोठ्या गॅपने उघडला की 2000 चा स्टॉपलॉस 5000 ला जाऊन पडतो, आणि विन रेटच्या हिशेबात ती हार इतर हारींसारखीच एक. रुपयांच्या ओळींत तो फटका दिसतो. ओळींची सरासरी घ्यायची, स्टँडर्ड डेव्हिएशनला ओळींच्या संख्येच्या वर्गमूळाने भागायचे आणि आलेल्या आकड्याने सरासरीला भागायचे. उत्तर 2 च्या खाली असेल, तर एज आहे म्हणायला अजून आधार नाही. ज्याने 10 पद्धती करून बघितल्या आणि सर्वांत चांगली तेवढी दाखवली, त्याला तर 2 सुद्धा पुरत नाहीत, 3 च्या जवळपास जावे लागते.

आणि सौदे जमवायला 6 वर्षे लागली, तर त्या 6 वर्षांत बाजार तोच राहतो का? बँक निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी नोव्हेंबर 2024 मध्ये बंद झाली. निफ्टीची एक्स्पायरी गुरुवारची होती, ती सप्टेंबर 2025 पासून मंगळवारी आली. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शिते एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. गुरुवारच्या एक्स्पायरीवर जमवलेले 300 सौदे आणि मंगळवारचे 300 एका वहीत घालून 600 म्हणावे का, याचे उत्तर सूत्रात नाही. मी तरी दोन्हींचे विन रेट आधी वेगवेगळे काढून बघीन, आणि ते पार निराळे निघाले तर जुने सौदे बाजूला ठेवीन. त्यात आकडा लहान होतो आणि पट्टा पुन्हा रुंद होतो, त्याला इलाज नाही.

त्या तरुणाची पद्धत वाईट आहे, असे मी म्हणत नाही. 20 सौद्यांवरून तेही म्हणता येत नाही. तो एकाच लॉटवर राहून वही लिहीत राहिला, तर योग्यच करतो आहे. लेख वाचून जो कुणी उद्या 5 लॉटने सुरुवात करील, त्याची मला काळजी आहे.

सल्लागारांची मागील कामगिरी पडताळण्यासाठी सेबीने 2025 मध्ये स्वतंत्र यंत्रणेची चौकट आखली, हे चांगलेच झाले. पण आकडा खरा असल्याची पडताळणी झाली, तरी तो किती सौद्यांवर उभा आहे हा प्रश्न उरतोच. आपल्या पुरवणीला हे आजपासून करता येईल. कुणाचाही विन रेट छापताना एकूण सौदे किती, ते किती दिवसांत झाले, जिंकल्यावर सरासरी किती सुटले आणि हरल्यावर किती गेले, आणि खर्च वजा केला आहे की नाही, एवढे शेजारी द्यावे. पट्टा वाचक घरी काढतील. गेल्या आठवड्याच्या लेखातले 20 सौदे त्या तरुणाचे पहिलेच 20 होते, की मधलेच कुठले निवडलेले, हेही आपल्या प्रतिनिधीने त्याला विचारून कळवले तर बरे होईल.

आपला,
एक निवृत्त संख्याशास्त्र प्राध्यापक, सांगली